कोपरा बदलल्यावरचा पहिला नग

[दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. सकाळची पाळी. टेम्पोतून उतरणारे कास्टिंग.]

बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप एकमेकांच्या शेजारीच वाढले. उद्यमबागेत, मच्छेला, होनग्याला कुठल्याही शेडमध्ये डोकावा. एका बाजूला काळंभोर कास्टिंग आणि दुसऱ्या बाजूला टर्निंग होऊन चकाकणारा माल दिसेल. आणि कोपऱ्यात कुठंतरी लाल रंगाची पेटी दिसेल, रिजेक्शनची. आज आपण त्या पेटीकडे बघणार आहोत.

जॉब आहे बेअरिंग हाउसिंग. बिडाचं कास्टिंग, त्यात बेअरिंग बसायचं भोक, म्हणजे बोअर, सीएनसी लेथवर करायचं. ड्रॉइंगवर लिहिलंय 62 एच 7. म्हणजे बोअर 62.000 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही आणि 62.030 पेक्षा मोठं चालत नाही. मुभा फक्त 30 मायक्रॉनची. पुढं येणारे रिजेक्शनचे आकडे पद्धत समजावी म्हणून मांडलेले आहेत, पण असा हिशेब या भागातल्या कुठल्याही लाइनवर मांडता येईल.

[दृश्य: लाल पेटीतले नग टेबलावर मांडले जातात.]

डीमॅक ही दोष कमी करायची पाच पावलांची पद्धत. तिचं पहिलं पाऊल म्हणजे डिफाइन, दुखणं नेमकं काय ते ठरवणं. “रिजेक्शन फार आहे” हे दुखणं नव्हे, ती तक्रार झाली. आपल्याकडे सीआर आणि एमआर वेगळे लिहायची चांगली सवय आहे. ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळी निघाली तर ते कास्टिंग रिजेक्शन, फाउंड्रीच्या खात्यावर. मशीनवर बिघडलं तर ते मशीनिंग रिजेक्शन, आपल्या खात्यावर. या लाइनवर महिन्याला 4000 नग होतात आणि एमआर 128 नगांचा. त्यातले 92 एकाच कारणाने गेलेले: बोअर ओव्हरसाइझ. लहान राहिलेलं बोअर पुन्हा मशीनवर चढवून वाचवता येतं. मोठं झालेलं वाचत नाही. लोखंड भट्टीत परत जातं, पण त्यावर गेलेली वीज, इन्सर्ट आणि मशीनचा वेळ परत येत नाही. म्हणून कामाची चौकट एवढीच ठेवली: ओव्हरसाइझ बोअर 92 वरून 20 च्या आत, तीन महिन्यांत. ब्लोहोलला हात लावायचा नाही.

[दृश्य: बोअर गेज, शेजारी सेटिंग रिंग. काटा हलतोय.]

दुसरं पाऊल मेझर. इथं बहुतेक जण घाई करतात, कारण आकडे रजिस्टरमध्ये असतातच. पण ते आकडे ज्या गेजने आले, त्याच्यावर भरवसा किती? दहा नग घेतले. तिघांनी प्रत्येक नग दोनदा मोजला, आधीचं माप न बघता. तिघांतल्या एकाची मापं सतत थोडी मोठी येत होती. हात त्याचा चांगला होता. फरक इतकाच की तो मशीनवरून उतरवलेला नग लगेच मोजायचा आणि बाकीचे दोघे थोड्या वेळाने.

बीड तापलं की पसरतं. 62 मिलिमीटरचं बोअर दहा अंशांनी गरम असेल, तर सहा-सात मायक्रॉन मोठं दिसतं. 30 मायक्रॉनच्या मुभेत हा जवळजवळ पाव वाटा झाला. पेटीतले 92 नग गेज जिच्यावर लावतात त्या सेटिंग रिंगशेजारी ठेवून थंड होऊ दिले आणि पुन्हा मोजले. त्यातले 14 चांगले निघाले! एकही यंत्र न बदलता 14 नग परत मिळाले. तेव्हापासून नियम झाला: नग पुसायचा, रिंगशेजारी थंड होऊ द्यायचा, मगच मोजायचा. आता खरे ओव्हरसाइझ उरले 78.

[दृश्य: मशीनच्या दारावर चिकटवलेला कागद. पेनने मांडलेले ठिपके.]

तिसरं पाऊल अॅनालाइझ. मीटिंगमध्ये कारणांची यादी लांबत जाते: कास्टिंग कडक आहे, कूलंट पातळ आहे, रात्रपाळीचं लक्ष नाही. या यादीवर मत घेण्यापेक्षा ठिपके मांडणं बरं. इन्सर्ट म्हणजे लेथवरचं कापणारं छोटं पातं, एक कोपरा झिजला की फिरवून दुसरा वापरतात. प्रत्येक नगाचं बोअर मांडलं आणि त्याच्यापुढे एक आकडा: इन्सर्टचा कोपरा बदलल्यापासून हा कितवा नग?

चित्र दोन दिवसांत दिसायला लागलं आणि महिनाभर तेच राहिलं. कोपरा झिजतो तसं बोअर हळूहळू लहान होत जातं, साधारण चार नगांमागे एक मायक्रॉन. ऑपरेटर ते बघतो आणि वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला मशीनला दिलेल्या दुरुस्तीत, पाच-पाच मायक्रॉन वाढवत राहतो. हे बरोबरच आहे. 80 नगांनंतर ऑफसेटमध्ये 20 मायक्रॉन साठलेले असतात. मग कोपरा फिरवला जातो. धार नवी, पण ऑफसेट जुन्या झिजेचा. बोअर मुभेच्या मध्यावर, म्हणजे 62.015 वर धरलेलं होतं, ते आता 62.035 वर जातं. पाच मायक्रॉन बाहेर.

78 पैकी 51 नग कोपरा बदलल्यावरचा पहिला किंवा दुसरा नग होते. महिन्याला कोपरे बदलले जातात पन्नासेक. म्हणजे दर कोपऱ्यामागे जवळपास एक नग.

“कोपरा फिरवला की एक नग गेलाच म्हणून धरायचं ओ, सगळ्या मशीनवर असंच की,” तिथल्या जुन्या ऑपरेटरचं म्हणणं. रिजेक्शनची सवय होते ती अशी.

पण ठिपके जुळले म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. ब्लोहोलमुळे बाद झालेली कास्टिंग बाजूला पडलेली होतीच. त्यांवर मुद्दाम तसंच करून बघितलं. ऑफसेट तसाच ठेवून कोपरा फिरवला, बोअर मोठं आलं. ऑफसेट मागे घेऊन फिरवला, आत आलं. पुन्हा तसाच ठेवला, पुन्हा मोठं. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, तेव्हा कारण पक्कं झालं.

उरलेले 27 नग विखुरलेले होते, त्यांत काही सूत्र दिसलं नाही. ते या कामात ओढले नाहीत.

[दृश्य: ऑपरेटरचे हात. इन्सर्टचा स्क्रू, मग ऑफसेटचं पान.]

चौथं पाऊल इम्प्रूव्ह. ऑफसेट नुसता शून्यावर आणून भागत नाही, कारण नव्या कोपऱ्याचं टोक जुन्याच्याच जागी बसेल याची खात्री नसते. बसायची जागा आधी साफ करायची. बिडाची भुकटी अडकली तरी माप हलतं. मग वेअर ऑफसेट शून्य करून त्यातून 0.200 वजा करायचे आणि कट मारायचा. बोअर मुद्दाम लहान येतं. नग थंड करून मोजायचा. समजा 61.809 आलं. हवंय 62.015. फरक 0.206. तेवढा ऑफसेटमध्ये वाढवायचा आणि शेवटचा कट घ्यायचा. हा शेवटचा कट रोजच्या फिनिशिंग कटाइतकाच जाड असेल असं नाही, त्यामुळे इन्सर्ट धरणारा बोरिंग बार थोडा वेगळा दबतो. म्हणून दुसरा नगही मोजायचाच. मशीनच्या काउंटरवर 80 नग लावले, म्हणजे कोपरा कधी फिरवायचा ते कुणाच्या आठवणीवर राहत नाही.

यात दर कोपऱ्यामागे काही मिनिटं जास्त जातात. सुपरवायझरनी तक्रार केली आणि ती खरी आहे. पण ती मिनिटं एका तयार हाउसिंगपेक्षा स्वस्त पडतात. पहिल्या महिन्यात ओव्हरसाइझ 31, तिसऱ्यात 19.

[दृश्य: मशीनजवळचा तक्ता. दुसरा ऑपरेटर काम करतोय.]

पाचवं पाऊल कंट्रोल. इथं बरीच कामं घसरतात. सौंदत्तीची यात्रा लागते, घरी लग्न निघतं, मशीनवर बदली माणूस उभा राहतो आणि ऑफसेट पुन्हा जुनाच राहतो. म्हणून पद्धत कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिली आणि बदली माणसाकडून एकदा समोर करून घेतल्याशिवाय त्याला या मशीनवर उभं करायचं नाही असं ठरलं.

तक्ता एकच ठेवला. कोपरा बदलल्यावरच्या पहिल्या नगाचं अंतिम माप, एवढाच ठिपका. सगळ्या नगांचा तक्ता झिजेमुळे हळूहळू खाली उतरतो, ऑफसेट वाढवला की एकदम वर चढतो आणि नेहमीच्या मर्यादांनी वाचला तर उगीच धोक्याचा इशारा देतो. पहिल्या नगाचा ठिपका 62.010 ते 62.020 च्या बाहेर पडला, तर मशीन थांबवून सुपरवायझरला बोलवायचं. हा अधिकार ऑपरेटरचा.

आणि खरेदी विभागासाठी एक ओळ प्लॅनमध्ये आहे. इन्सर्टचा ग्रेड किंवा कंपनी बदलली की झिजेचा वेग बदलतो, मग 80 चा आकडा चालत नाही. नवे इन्सर्ट आले की बाद कास्टिंगवर नाही, चांगल्या मालावरच, पण प्रत्येक नग मोजत, पहिले तीन कोपरे चालवायचे आणि काउंटर नव्याने लावायचा.