वर लांब, खाली एकत्र

नमस्कार मंडळी. वळवाचे ढग दिसायला लागले की मला आमच्या मावसभावाची गच्ची आठवते. दुमजली घर, वर सोलर पॅनल, कडेला नवाकोरा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज झेलून जमिनीत नेणारा रॉड. तरी गेल्या वैशाखात वीज पडली आणि इन्व्हर्टर गेला, आणि रॉडला मात्र काहीच झालं नव्हतं. मी वर जाऊन बघितलं तर रॉडवरनं उतरणारी पट्टी आणि पॅनलची डीसी केबल, दोन्ही एकाच टायने आवळून अख्खी भिंत खाली आणलेल्या, आणि खाली अरेस्टरचा अर्थिंगचा खड्डा एका कोपऱ्यात, पॅनलचा दुसऱ्या, मधे जोडच नाही.

आता होतं काय बघा. साधारण विजेचा करंट तीस हजार अँपियर धरा, खड्ड्याचा रेझिस्टन्स दहा ओहम, म्हणजे चांगलाच. गुणाकार करा, तीन लाख व्होल्ट! तेवढ्या क्षणापुरती ती पट्टी तीन लाखांवर आणि पॅनलची अर्थिंग शून्याजवळ, मग शेजारच्या केबलमधे उडी मारायला तिला कितीसा वेळ लागणार. बरेच वायरमन सांगतात की विजेचा खड्डा वेगळाच ठेवायचा, जोडायचा नाही. खड्डा वेगळा असू दे हो, पण सगळे खड्डे जमिनीखालून, अर्धा मीटर खोल, पट्टीने एकमेकांना जोडलेलेच पाहिजेत, म्हणजे वर चढतील तर सगळे एकत्र चढतील आणि मधे फरकच राहणार नाही.

वर गच्चीवर मात्र याच्या उलट. तिथे रॉड आणि पट्टी पॅनलच्या फ्रेमपासून लांब. किती लांब, तर नेहमीच्या घरासाठी म्हणजे वीज-संरक्षणाच्या तिसऱ्या क्लासला, पट्टीची खालच्या जोडापर्यंतची लांबी गुणिले ०.०४. नऊ मीटर पट्टी असली तर छत्तीस सेंटिमीटर. समोरासमोर दोन पट्ट्या उतरवल्या तर करंट वाटला जातो आणि साधारण चोवीसात भागतं, म्हणून एकीपेक्षा दोन बऱ्या. हा हिशोब मधे मोकळी हवा असेल तर, मधे वीट-काँक्रीट असेल तर दुप्पट धरा. रॉड पॅनलच्या उत्तरेला लावला की दुपारची सावलीही बहुतेक वेळ पडत नाही. आणि जागाच नसेल, अंतर ठेवताच येत नसेल, तर मग फ्रेम मुद्दाम पट्टीला जोडायची आणि डीसी बाजूला टाइप वनचा एसपीडी, म्हणजे विजेचा थेट करंट अर्थिंगकडे वळवणारा संरक्षक, लावायचा, साधा टाइप टू तिथे टिकत नाही.

भावाकडे आम्ही केबल दुसऱ्या भिंतीवरनं नेली, दोन्ही खड्डे पट्टीने जोडले, आणि पट्टीवर माणसाच्या उंचीला बोल्टचा टेस्ट जॉइंट ठेवला, तो उघडून दर मे महिन्यात मीटरने खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजतो. मागच्या वेळी बोल्टवर हिरवा थर धरलेला होता, घासून परत आवळला.