नऊ व्यंजने, तीन वाक्ये : एका कल्पित भाषेचे निवेदन

(पडद्यावर एकेक शब्द उमटतो : रुवेल्लेमी. कासोल्लेमी. रुवेम्पाविर.)

ही तीन नावे एका कल्पित प्रदेशाच्या नकाशावरची आहेत. त्यांच्या मागे शब्दकोश नाही, व्याकरणाचे पुस्तक नाही आणि ही भाषा बोलणारा एकही माणूस नाही. तरीही ती एकाच घरातली वाटतात, आणि कान थोडा तयार असेल तर पहिल्या दोन नावांच्या शेवटी काहीतरी समान आहे, हेही लक्षात येते. कथेसाठी भाषा लागते तेव्हा बहुतेक वेळा एवढेच लागते. संपूर्ण भाषा रचणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. भाषा असल्याचा भास निर्माण करण्याचे काम मात्र मूठभर ध्वनिनियम आणि दोन-चार वाक्ये यांत होऊ शकते, आणि ते कसे होते हे आपण याच तीन नावांच्या आधारे पाहणार आहोत.

भाषेचा पोत तिच्यात कोणते ध्वनी आहेत यावर जितका ठरतो, तितकाच, किंबहुना अधिक, कोणते ध्वनी नाहीत आणि असलेले ध्वनी कुठे येऊ शकत नाहीत यावर ठरतो. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ पावलोपावली भेटतात, पण या दोन्हींपैकी एकानेही मराठी शब्द सुरू होत नाही. हा नियम आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी ‘ळामी’ असा शब्द ऐकला की तो आपला नाही हे क्षणात कळते. हवाई बेटांच्या भाषेत अवघी आठ व्यंजने आहेत, दोन व्यंजने एकमेकांना चिकटत नाहीत आणि प्रत्येक अक्षर, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, स्वरानेच संपते. त्यामुळे ‘मेरी ख्रिसमस’ ही इंग्रजी शुभेच्छा त्या भाषेत गेली तेव्हा तिचे ‘मेले कालिकिमाका’ झाले. तिथे ‘र’ नसल्याने त्याचा ‘ल’ झाला, ‘स’ नसल्याने त्याच्या जागी ‘क’ आला, आणि जोडाक्षर फोडायला मध्ये स्वर घालावे लागले. मूळ शब्द परका असूनही त्याने यजमान भाषेचा पोशाख पूर्णपणे चढवला, आणि तो पोशाख शिवणारे नियम मोजकेच आहेत.

आपल्या कल्पित भाषेचे नियमही तसेच मोजके ठेवू. व्यंजने नऊ : क, त, प, म, न, र, ल, व, स. महाप्राण एकही नाही, म्हणजे ख, थ, फ, भ यांना प्रवेश नाही. ग, द, ब हेही नाहीत आणि संपूर्ण टवर्ग बाहेर आहे. प्रत्येक शब्द व्यंजनाने सुरू होतो. अक्षराच्या आरंभी जोडाक्षर येत नाही, आणि अक्षर संपते ते स्वराने, नाहीतर न, र, ल या तिघांपैकी एकाने. एवढ्यावरच ‘पाविर’, ‘तिवेल’, ‘लामूर’ असे शब्द आपोआप सुचू लागतात. ते मऊ वाटतात, कारण त्यांच्यात श्वासाचा झटका नाही आणि कुठेही जीभ अडखळत नाही.

देवनागरीत लिहिताना मात्र दोन अडचणी येतात, आणि रोमन अक्षरांत विचार करून नंतर लिप्यंतर करणाऱ्या लेखकाच्या त्या बहुधा लक्षात येत नाहीत. पहिली अडचण ‘अ’ या स्वराची. मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. ‘तिवेल’ लिहिले तर तो ‘तिवेल्’ असाच वाचणार. म्हणून या भाषेत ‘अ’ हा स्वर ठेवलेलाच नाही. स्वर आहेत ते आ, इ, ए, ओ, उ, आणि जिथे काना-मात्रा-वेलांटी दिसत नाही तिथे व्यंजन मोकळे आहे असे समजायचे. दुसरी अडचण च, ज, झ यांची. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च लिपीत एकच, उच्चारात वेगळे. कल्पित शब्दात तो आला तर वाचक दोहोंपैकी कोणता उच्चार करील हे लेखकाच्या हातात राहत नाही. म्हणून चवर्गही वगळला. या वगळण्यामागे कानाइतकाच कागदाचा विचार आहे, आणि तो असायला हवा, कारण ही भाषा प्रथम वाचली जाणार आहे.

आता तिसरा नियम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. दोन शब्द एकत्र येताना पहिल्याच्या शेवटचा ‘न’ पुढच्या ध्वनीसारखा होतो : पुढे ‘ल’ आला तर ‘ल्ल’, पुढे ‘प’ आला तर ‘म्प’. ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. समजा, ‘रुवेन’ म्हणजे नदी, ‘कासोन’ म्हणजे मीठ आणि ‘लेमी’ म्हणजे वेस. मग नदीवेशीचे गाव ‘रुवेल्लेमी’ आणि मिठाची वेस ‘कासोल्लेमी’. ‘पाविर’ म्हणजे पक्षी, म्हणून नदीपक्ष्यांचे बेट ‘रुवेम्पाविर’.

(पडद्यावर नकाशा, तीन नावांतील समान भाग ठळक होतात.)

या नियमाने साधते काय, तर नावांना भूतकाळ मिळतो. ‘रुवेन-लेमी’ असे जोडनाव आज कोणीतरी बसून तयार केल्यासारखे दिसते. ‘रुवेल्लेमी’ मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झाल्यासारखे वाटते. जोड कुठे आहे हे वाचकाला सांगावे लागत नाही. एकदा कथेत नदी ‘रुवेन’ या नावाने आली, आणि पुढे कोणी वेशीपाशी थांबून ‘लेमी’ हा शब्द वापरला, की नकाशावरचे नाव त्याचे तोच उलगडतो. स्वतः उलगडलेल्या एका नावामुळे उरलेली न उलगडलेली नावेही त्याला अर्थपूर्ण वाटू लागतात, आणि हा विश्वास कितीही पाने माहिती देऊन मिळत नाही.

नियम तयार झाले की ते स्वतःहून शब्द देऊ लागतात, आणि इथेच चाळण हाती घ्यावी लागते. आपल्या नऊ व्यंजनांतून मोर, पाल, कान, तार आणि सून हे शब्दही बिनतक्रार निघतात. ‘मेलो’ हाही निघतो. राजसभेत गंभीर प्रसंगी एखादा सरदार हात जोडून ‘मेलो’ म्हणाला, तर त्या प्रसंगाचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. एकाक्षरी शब्दांत हा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून नावे आणि महत्त्वाचे शब्द दोन किंवा तीन अक्षरी ठेवावेत आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. लिहिलेला शब्द निरुपद्रवी दिसतो आणि उच्चारलेला भलतेच काही सुचवतो, असे पुष्कळदा घडते.

वाक्यांकडे वळू. आपल्याकडे क्रियापद सहसा शेवटी येते, म्हणून या भाषेत ते आरंभी ठेवू. भेटीच्या वेळी लोक म्हणतात :

(पडद्यावर : तिवेल रुवेन.)

शब्दशः ‘वाहो नदी’. उत्तरादाखल समोरचा म्हणतो ‘तिवेल लामूर’, म्हणजे ‘तुझ्याकडेही वाहो’. ही दोन वाक्ये कथेत पहिल्यांदा येतात तेव्हा अर्थ प्रसंगातून कळावा : कोणी दारात आला आहे, कोणी मान लवून उत्तर देत आहे, आणि एखादे पात्र आपल्या परदेशी सोबत्याला हळूच अर्थ सांगत आहे. दुसऱ्यांदा येतात तेव्हा कोणीही काही सांगू नये. वाचकाला ओळखीचा शब्द पुन्हा भेटल्याचा आनंद मिळू द्यावा.

मग पुष्कळ पानांनंतर तिसरे वाक्य येते. एक म्हातारी बाई बंद दारातून बाहेर येते आणि जमलेल्या लोकांना एवढेच सांगते : ‘नोल तिवेल रुवेन.’ ‘नोल’ हा शब्द वाचकाने याआधी एकदाच ऐकलेला असतो, नावाड्याने भाडे नाकारताना. आता त्याला भाषांतर लागत नाही. घरातले माणूस गेले आहे, हे त्याला परक्या भाषेतच कळते. अभिवादन, त्याचे उत्तर आणि त्याच अभिवादनाचा नकार, एवढ्या सामग्रीत या लोकांचे पाण्याशी असलेले नातेही येऊन जाते, आणि त्यासाठी एकही स्वतंत्र परिच्छेद खर्च करावा लागत नाही. नमुन्याची वाक्ये निवडताना ‘तुझे नाव काय’ किंवा ‘आज हवा छान आहे’ अशी वाक्ये का टाळावीत, याचे कारण हेच आहे. ती पुन्हा येत नाहीत, आणि आली तरी बदललेली येत नाहीत.

आधी वाक्ये आणि मागाहून नियम, असा उलटा प्रवासही झालेला आहे. ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांच्या मालिकेतील परग्रहवासी बोलतात त्या क्लिंगॉन भाषेतील पहिले मोजके उद्गार या मालिकेवरच्या 1979 सालच्या चित्रपटासाठी जेम्स डूहान या अभिनेत्याने केवळ ध्वनीच्या अंगाने रचले होते. 1984 सालच्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी भाषा उभी केली, ती त्या उद्गारांना सामावून घेत. त्यांनी त्यात आपल्या ‘त’ आणि ‘ट’च्या मधल्या जागी येणारा ‘ट’सारखा इंग्रजी ध्वनी ठेवला, पण त्याचा सघोष जोडीदार मात्र आपल्या ‘ड’सारखा, जीभ मागे वळवून उच्चारायचा घेतला. इंग्रजी कानाला हा ‘ड’ परका आणि खडबडीत लागतो; आपल्या कानाला तो घरचा आहे. म्हणून कठोर किंवा गूढ भाषेची पाककृती दुसरीकडून जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. मराठी वाचकाला टवर्गाने परकेपणा जाणवणार नाही. जोडाक्षरांच्या अनपेक्षित जागांनी मात्र जाणवेल.

(पडद्यावर : द्रास्क. पाविर. बुल्दास्त. तिवेल. लामूर. स्कोर्ग.)

शेजारच्या प्रदेशाची भाषा याच तत्त्वावर वेगळी काढता येते. तिथे शब्दाच्या आरंभी आणि शेवटी जोडाक्षरे चालतात, आणि ग, द, ब यांना मुक्तद्वार आहे. पारखायची पद्धत साधी आहे. दोन्ही भाषांतील वीसेक नावे सरमिसळ करून कथा न वाचलेल्या माणसाला द्यावीत आणि अर्थ न सांगता दोन गट करायला सांगावे. बहुतेक नावे योग्य गटात पडली, तर नियम कानाला पोचत आहेत. एखादे नाव सतत चुकीच्या बाजूला जात असेल, तर त्याच्या शेवटच्या ध्वनीकडे आधी पाहावे, कारण शब्द कानात रेंगाळतो तो शेवटापाशी. दुसरी पारख लिहिण्याची : नाव मोठ्याने वाचून दोघांना लिहायला सांगावे. दोघांनी वेगवेगळे लिहिले, तर दोष त्यांच्या कानाचा नसून बहुधा एखाद्या ‘अ’चा किंवा ‘च’चा असतो, आणि तेवढे अक्षर बदलून नाव पुन्हा वाचून पाहावे.