मतमोजणीच्या दिवशीची दोन लेखने

नमस्कार श्रोतेहो. ग्वाल्हेरच्या लश्करमधल्या आपल्या वाड्यांतून मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून हाती मोबाईल असतो आणि कोण पुढे, कोण मागे हे दर दहा मिनिटांनी पाहिले जाते. ते आकडे लिहिणाऱ्याच्या टेबलावर मी अनेक वर्षे बसलो आहे. त्या दिवशी एकाच वेळी चालणाऱ्या दोन लेखनांविषयी आज बोलतो. त्यांतले एक म्हणजे घडेल तसे नोंदवले जाणारे अपडेट आणि दुसरे म्हणजे दिवसभर पुन्हा पुन्हा लिहिली जाणारी मुख्य बातमी.

सकाळी आठ वाजता टपाली मतांपासून सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने मतदान यंत्रे उघडली जातात. साधारणपणे एका विधानसभा मतदारसंघासाठी चौदा टेबले लावलेली असतात, म्हणजे एका राउंडमध्ये चौदा केंद्रांची यंत्रे मोजली जातात. पहिल्या राउंडमध्ये क्रमांक एक ते चौदाची केंद्रे येतात, दुसऱ्या राउंडमध्ये पुढची चौदा, आणि हा क्रम शेवटपर्यंत चालतो. केंद्रांचे क्रमांक वस्तीच्या क्रमाने दिलेले असल्यामुळे मोजणीही शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. म्हणून तिसऱ्या राउंडची आघाडी ही त्या वस्त्यांची आघाडी असते आणि तिला ‘लाट’ म्हणणे ही लिहिणाऱ्याची चूक ठरते. अपडेटमध्ये वेळ, कितीपैकी कितवा राउंड, आघाडी किती आणि हा आकडा कोणी दिला, एवढे चार तपशील असले की वाचणाऱ्याला त्या आघाडीचे वजन आपोआप कळते.

मुख्य बातमीचे तसे नाही. तिचा पहिला परिच्छेद आकडा बदलला म्हणून बदलू नये, स्थिती बदलली तरच बदलावा. एक उदाहरण घेऊ. अठरा राउंडच्या मतदारसंघात पंधरा राउंड झाले आहेत आणि एक उमेदवार तीन हजारांनी पुढे आहे, असे समजा. एका यंत्रात साधारण सातशे मते धरली तर उरलेल्या तीन राउंडमध्ये सुमारे एकोणतीस हजार मते आहेत. म्हणजे मागे असलेल्याला त्यांतली सोळा हजारांच्या आसपास मिळाली आणि पुढच्याला तेरा हजार, तरी आघाडी पुसली जाते. अशा वेळी ‘आघाडीवर, तीन राउंड बाकी’ हेच लिहायचे. ‘विजयाच्या उंबरठ्यावर’ हे शब्द तोंडावर आले तरी गिळायचे. आघाडी उरलेल्या सगळ्या मतांपेक्षा मोठी झाली की ‘विजय निश्चित’ म्हणता येते, आणि ‘विजयी’ मात्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी निकाल जाहीर केल्यावरच.

हा भेद किती खरा आहे ते आपल्याच शहराने 2018 साली पाहिले. 11 डिसेंबरच्या त्या मोजणीत ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल अवघ्या 121 मतांनी लागला. इतक्या कमी अंतरात बाद ठरलेली टपाली मतेसुद्धा निर्णायक होऊ शकतात. बाद टपाली मतांची संख्या विजयाच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर ती पुन्हा तपासावीच लागतात. शिवाय पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी आणि फेरमोजणीची मागणी असते. शेवटचा राउंड संपला की सगळे संपले, असे समजून मथळा बदलणाऱ्याला याच तासाभरात तोंडघशी पडायची वेळ येते.

आता सर्वांत जास्त होणारी चूक सांगतो, कारण ती माझ्या हातून झालेली आहे. मतमोजणीच्या सभागृहात त्या राउंडची मते आणि सुरुवातीपासूनची एकूण मते, असे दोन्ही आकडे एकामागून एक वाचले जातात. फोनवर वार्ताहराने घाईत सांगितले आणि मी एका उमेदवाराचा राउंडचा आकडा, तर दुसऱ्याचा एकूण आकडा लिहून घेतला. आधीच्या अपडेटमध्ये दीड हजारांनी मागे असलेला उमेदवार एकाएकी हजारोंनी पुढे गेला. अशी उडी दिसली की थांबावे. एका राउंडमध्ये जेमतेम दहा हजार मते मोजली जातात, त्यामुळे आघाडी एका राउंडात त्याहून जास्त सरकणे शक्यच नसते. मी थांबलो नाही. नंतर तो अपडेट गुपचूप पुसून टाकला, ही त्याहून मोठी चूक होती. ज्याने तो वाचून घरी सांगितला होता, त्याला दुरुस्ती कळलीच नाही. तेव्हापासून चुकीची नोंद जागेवर ठेवतो, तिच्या वर नवी वेळ घालून ‘आधीचा आकडा चुकीचा होता, खरा हा’ असे लिहितो, आणि आधी मुख्य बातमीतला आकडा सुधारतो.

ते पटकन जमावे म्हणून मुख्य बातमीत चालू आकडा एकाच जागी, दुसऱ्या परिच्छेदात, वेळेसह ठेवतो. मथळ्यात आकडा नाही आणि खालच्या पार्श्वभूमीतही नाही. मागच्या निवडणुकीचे अंतर, उमेदवारांची माहिती, मतदारसंघातल्या वस्त्या हे खालचे परिच्छेद आदल्या रात्रीच लिहून, तपासून ठेवलेले असतात. दिवसभर हात लागतो तो फक्त वरच्या दोन परिच्छेदांना. रात्री विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र मिळाले की पहिला परिच्छेद शेवटचा लिहिला जातो, दुसऱ्यातली वेळ काढून अंतिम मताधिक्य घातले जाते, आणि अपडेटची यादी तिच्यातल्या दुरुस्त्यांसकट तशीच बंद होते.