तिसरी प्रत आणि परत आणण्याची चाचणी

श्रोतेहो, नमस्कार.

लॅपटॉपमधील माहितीच्या किती प्रती ठेवाव्यात, यासाठी एक सोपा नियम प्रचलित आहे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. लॅपटॉपमधली फाइल ही पहिली प्रत, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवरची दुसरी, आणि क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवलेल्या डिस्कवरची तिसरी. लॅपटॉप बिघडला तर दुसरी प्रत उपयोगी पडते. मात्र घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर एकाच कपाटातील लॅपटॉप आणि डिस्क बरोबरच जातात, आणि तेव्हा तिसरीचाच आधार असतो. २०१९च्या पुरात ज्या सांगली-कोल्हापूरकरांच्या घरांत पाणी आले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या नियमात एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. प्रती आहेत, पण त्यांतून फाइल परत मिळते का? ती मिळते की नाही, हे तपासले नसेल तर काय होते, हे दाखवणारी एक घटना मला सविस्तर सांगायची आहे.

गिटलॅब नावाची कंपनी जगभरातील सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे काम आपल्या सर्व्हरवर सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या डेटाबेसवर अचानक मोठा ताण आला. तिथे एक मुख्य सर्व्हर होता आणि त्याची सतत नक्कल करत राहणारा एक दुय्यम सर्व्हर होता. ताणामुळे दुय्यम सर्व्हर मागे पडला आणि नक्कल थांबली. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने ठरवले, की दुय्यम सर्व्हरवरील अर्धवट माहिती पुसून नक्कल नव्याने सुरू करावी. त्याने पुसण्याची आज्ञा दिली, आणि एक-दोन सेकंदांतच त्याच्या ध्यानात आले, की ही आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली आहे. त्याने ती तत्काळ थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबी माहितीपैकी केवळ साडेचार जीबी उरली होती.

बॅकअपची व्यवस्था अर्थातच होती, आणि तीही एक नव्हे, अनेक. दर २४ तासांनी डेटाबेसची प्रत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जात असे. ती जागा उघडून पाहिली, तर रिकामी. कारण असे, की डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, आणि बॅकअप घेणारे साधन मात्र ९.२ आवृत्तीचे चालवले जात होते. ते दर वेळी त्रुटी दाखवून बंद पडत होते. मग हे कोणाला कळले कसे नाही? बॅकअप अयशस्वी झाल्याची ईमेल पाठवली जात होती, परंतु तिच्यावर आवश्यक ती डिजिटल सही नसल्यामुळे ती वाटेतच नाकारली जात होती. डिस्कची संपूर्ण छबी घेण्याची आणखी एक सोय होती, पण ती डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. आणि नक्कल करणारा दुय्यम सर्व्हर तर आधीच रिकामा झालेला होता.

अखेर कामी आली ती योगायोगाने घेतलेली एक प्रत. त्याच अभियंत्याने अपघाताच्या सुमारे सहा तास आधी, एका वेगळ्याच कामासाठी, डेटाबेसची छबी हाताने घेऊन चाचणीच्या यंत्रणेत ठेवली होती. तेथील डिस्क संथ असल्यामुळे ती माहिती परत आणायला फार वेळ लागला आणि सेवा साधारण १८ तास बंद राहिली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार अभिप्राय आणि सातशे वापरकर्त्यांची खाती त्यांत होती. लोकांनी लिहिलेला प्रत्यक्ष कोड वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे वाचला.

कंपनीने हे सगळे स्वतः जाहीर केले, दुरुस्तीचे कामही थेट प्रक्षेपित केले, आणि अभियंत्याला दोष दिला नाही. ग्राहकांच्या ठेवी आणि नोंदी सांभाळणाऱ्या आपल्याकडील संस्थांनीही अपघातानंतर असाच खुलासा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आता आपल्या लॅपटॉपकडे वळू. चाचणीची पद्धत साधी आहे. हार्ड डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला जोडावी, तेथे एक रिकामा फोल्डर करावा आणि बॅकअपमधील फाइली त्यात आणाव्यात. आपल्या लॅपटॉपवरील मूळ जागी त्या कधीही आणू नयेत, कारण चाचणी करताना चांगली फाइल जुन्या फाइलखाली दडपली जाण्याची भीती असते. निवडताना एक कालची फाइल, एक काही वर्षांपूर्वीची आणि एक मोठा व्हिडिओ घ्यावा. नाव दिसले म्हणजे फाइल परत आली, असे समजू नये. ती उघडून पाहावी, व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहावा. नाव नव्हे, फाइल उघडून पाहावी.

या चाचणीत नेहमी तीन उणिवा निघतात. आपल्याकडे अनेक लॅपटॉपवर सी आणि डी असे दोन भाग केलेले असतात आणि लोक महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवतात. विंडोजची फाइल हिस्टरी ही सोय मात्र मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच उचलते. त्यामुळे बॅकअप वर्षभर व्यवस्थित चालतो आणि डीमधील एकही फाइल त्यात नसते.

दुसरी उणीव क्लाउडची. जे फोल्डर क्लाउडशी आपोआप जुळवून घेते, तो बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल पुसली, की क्लाउडवरचीही पुसली जाते आणि काही दिवस कचरापेटीत राहून कायमची जाते. शिवाय ज्या फाइलींवर ढगाचे चिन्ह असते, त्यांची लॅपटॉपवर केवळ नावे असतात, आतला मजकूर नसतो. अशा फोल्डरची प्रत हार्ड डिस्कवर घेतली आहे असे आपण समजतो, तेव्हा त्या फाइलींचा मजकूर खरोखर उतरला की नाही, हे इंटरनेट बंद ठेवून त्या उघडल्यावरच कळते.

तिसरी उणीव मराठी लिहिणाऱ्यांची खास आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे लिहिले. ती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडते, परंतु फॉन्ट तेथे नसल्यामुळे पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट बॅकअपमध्ये घेतलेला नसतो. म्हणून फॉन्टच्या फाइलीही सोबत ठेवाव्यात आणि असे जुने लेखन शक्य तितक्या लवकर युनिकोडमध्ये आणावे. ज्या मजकुराचे वाचन एका विकत घेतलेल्या फॉन्टवर अवलंबून आहे, तो पूर्णपणे आपला नाही, असे मी मानतो.

चाचणी झाली, की हार्ड डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवावी. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही सोडत नाहीत. ही चाचणी दर तीन महिन्यांनी करावी, आणि लॅपटॉप, विंडोज किंवा बॅकअपचे सॉफ्टवेअर बदलले तर तीन महिन्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात करावी. गिटलॅबचा बॅकअप अशाच दोन न जुळणाऱ्या आवृत्त्यांमुळे बंद पडला होता.

नमस्कार.