लॅप्स झालीच नव्हती, तर जिवंत काय करणार?

निपाणीतल्या एका तंबाखू शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. आयुर्विम्याची सहामाही हप्त्याची पॉलिसी, हप्ता १० जूनला. तंबाखूचे पैसे हातात यायला उशीर झाला, म्हणून ८ जुलैला त्यांनी बँकेतून एनईएफटीने भरला. ऑगस्टमध्ये कंपनीचं पत्र आलं: पॉलिसी लॅप्स. शाखेत गेले, तर समोर पुनरुज्जीवनाचा अर्ज ठेवला आणि सोबत तब्येत चांगली असल्याचं घोषणापत्र. मधल्या काळात यांना शुगर निघालेली! ते माझ्याकडे आले, ते सही करायच्या आधी आले, हे बरं झालं.

आता हिशोब बघा. सहामाही, तिमाही किंवा वार्षिक हप्त्याला ग्रेस पिरियड ३० दिवसांचा, मासिकाला १५. म्हणजे यांची मुदत १० जुलैपर्यंत होती, आणि पैसे ८ तारखेलाच गेले होते. मग अडलं कुठं? पॉलिसी नंबरातला एक आकडा चुकला होता. पैसे कंपनीत पोचले, पण यांच्या खात्यावर चढले नाहीत.

इथंच मोठी गफलत होते. मुदतीत भरलेला हप्ता खात्याला लावून घेणं वेगळं, आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करणं वेगळं. दुसऱ्यात व्याज, तब्येतीची नव्यानं चौकशी, शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ चा तीन वर्षांचा काळ पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून परत मोजला जातो. तेवढा काळ जुन्या माहितीवर बोट ठेवून क्लेम अडवायची कंपनीला मोकळीक मिळते. जी पॉलिसी लॅप्सच झाली नाही, तिचं पुनरुज्जीवन मागून स्वतःच्या हातानं हे का ओढवून घ्यायचं?

म्हणून आम्ही अर्जात ‘पुनरुज्जीवन’ हा शब्दच घातला नाही. लिहिलं: ‘देय तारीख १० जून, ग्रेस १० जुलैपर्यंत, रक्कम ८ जुलैला जमा, ती योग्य पॉलिसीला लावून लॅप्सची नोंद रद्द करावी.’ सोबत बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणि त्यातला यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेनं दिलेला क्रमांक. शाखेतले साहेब कन्नडिग, अर्जदार मराठी. पण यूटीआर दोघांनाही सारखाच वाचता येतो. एजंटाच्या वहीतली नोंद मात्र जोडू नका, ती पावती नव्हे. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्याच. महिनाभर उत्तर नाही आलं, तर कर्नाटकातल्या माणसाला बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथं हीच पोहोच लागते.

हप्ता १४ जुलैला भरला असता, तर गोष्ट निराळी. मग पुनरुज्जीवनच मागावं लागलं असतं, आणि घोषणापत्रात शुगर लिहावीच लागली असती. तेव्हा नुसते पैसे जमा झाले म्हणून पॉलिसी सुरू झाली असं धरायचं नाही. कंपनीचं मंजुरीचं पत्र हातात यायला हवं.

यांची पावती तीन आठवड्यांनी आली. तिच्यावर तारीख होती ८ जुलै.