भिंत, वाळू आणि मिठाचा हिशोब: चीनच्या वाळवंटातली सरहद्द

एक लांबलचक लाकडी काठी आहे, चीनच्या वायव्येकडच्या वाळवंटात सापडलेली, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर शाईने एका अधिकाऱ्याची चार्जशीट लिहिलीय. अधिकाऱ्याचं नाव ग्वांगदे. त्याच्या हाताखाली सरहद्दीवरचे काही टेहळणी बुरुज होते आणि वरच्या ऑफिसातून तपासणी आली तेव्हा काय दिसलं ते काठीवर बुरुजाच्या नंबरासकट नोंदवलंय. बुरुजाला गिलावा केलेला नाही. निशाण फाटकं आहे. जाळायला रचलेला लाकडाचा ढीग बुटका आहे. दोरी सैल पडलीय, खांब डगमगतायत, आणि समोरच्या वाळूवर दाताळं फिरवलेलं नाही. शिवाय साहेब राउंडलाच गेले नव्हते आणि हजर राहायच्या तारखेला हजरही नव्हते. शिक्षा, पन्नास फटके.

आता चीनची भिंत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ती डोंगरावरून वळणं घेत जाणारी दगड-विटांची भिंत येते, टुरिस्ट लोक सेल्फी काढतात ती. ती बरीच नंतरची, मिंग घराण्याची. आपण बोलतोय त्याच्या दीड हजार वर्षं आधीच्या हान घराण्याच्या भिंतीबद्दल, आणि ती निम्म्या ठिकाणी भिंत म्हणून ओळखूसुद्धा येत नाही. वाळवंटात दगड कुठून आणणार? मग बोरू आणि झाऊच्या फांद्यांचा एक थर, त्यावर वाळू-खडीचा थर, परत फांद्या, परत खडी, असं रचत गेले. 1907 साली ऑरेल स्टाइन हा पुरातत्त्व संशोधक वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बाजूला फिरत होता, तर हे थर काही ठिकाणी जसेच्या तसे उभे होते, आणि इशाऱ्यासाठी रचून ठेवलेले बोरूचे ढीगपण तिथेच, कोणी पेटवायची वाट बघत असल्यासारखे.

आपण जातोय जुयानला, ती काठी सापडली तिथे. नकाशात बघा, दक्षिणेला चिल्येन पर्वत, त्याच्या बर्फाचं पाणी घेऊन एक नदी उत्तरेला निघते आणि थेट गोबी वाळवंटात शिरते. आज तिला एजिन म्हणतात. आजूबाजूला सगळा रखरखाट आणि मधे ही एक हिरवी पट्टी. उत्तरेकडून श्योंगनूंच्या, म्हणजे तिकडच्या गवताळ मुलखातल्या भटक्या टोळ्यांच्या, घोडदळाला खाली यायचं असेल तर घोड्यांना पाणी लागणार, आणि पाणी फक्त इथेच. इ.स.पू. 121 मध्ये हान फौजेने पर्वत आणि वाळवंट यांच्यामधला तो चिंचोळा कॉरिडॉर श्योंगनूंकडून हिसकावला, पश्चिमेला जायचा रस्ता तोच, आणि तो हातात ठेवायचा तर या नदीकाठची वाट बंद करणं आलं. म्हणून इ.स.पू. 102 मध्ये लू बोदे नावाच्या सेनापतीला इथे ठाणी बांधायला पाठवलं. म्हणजे ही तटबंदी नदीच्या काठाकाठाने जाते ती उगाच नाही, राखायचं होतं ते पाणी.

पण एक लक्षात घ्या, मोठी फौज चालून आली तर ही भिंत तिला अडवू शकत नव्हती, आणि ते बांधणाऱ्यांनाही माहीत होतं. एका बुरुजावर माणसं किती? एक नाईक आणि दोन-चार शिपाई. बस. पुढचा बुरुज साधारण एक-दोन किलोमीटरवर, तिथेही तेवढीच. त्यांनी लढून जिंकावं अशी अपेक्षाच नव्हती. त्यांनी बघायचं, कळवायचं, आणि मागून कुमक येईपर्यंत दार लावून टिकायचं. श्योंगनूंच्या बहुतेक धाडी मोठ्या युद्धाच्या नसायच्या, पावसासारखं यायचं, गुरं-माणसं-धान्य उचलायचं आणि पसार व्हायचं. अशा धाडीला घोडा पलीकडे न्यायला भिंतीपाशी जो वेळ लागतो आणि लूट घेऊन परत येताना जो लागतो, तेवढा वेळ बचाव करणाऱ्याला मिळाला तरी पुष्कळ.

कळवायचं कसं, याचं एक अख्खं नियमपत्रक सापडलंय, 1974 साली, लाकडाच्या सतरा पट्ट्यांवर. दिवसा शत्रू आत घुसला तर खांबावर निशाण चढवायचं आणि लाकडाचा एक ढीग पेटवायचा, धूर लांबून दिसतो. रात्री घुसला तर ढीग पेटवायचाच, वर मशाली उजाडेपर्यंत विझू द्यायच्या नाहीत. संकट जेवढं मोठं तेवढे ढीग जास्त. मला यात सगळ्यात आवडलेली कलमं शेवटची आहेत. एक म्हणजे जोरदार वारा किंवा पाऊस असेल, धूर-जाळ चालणार नसेल, तर ताबडतोब चिठ्ठी लिहून माणूस पळवा, घोडा दौडवा. आणि दुसरं, चुकून इशारा दिला गेला तर लगेच निशाण खाली घ्या, आग विझवा आणि वर लेखी कळवा. हे कलम आहे म्हणजे असं होत असणार, एकाने पेटवलं की पुढच्याने पेटवलं, आणि पाहुणे कोणी आलेच नाहीत!

आता ग्वांगदेच्या काठीवरच्या त्या वाळूकडे येऊ, कारण रोजचं खरं काम तेच होतं. तटबंदीच्या कडेने मऊ वाळूचा एक पट्टा राखलेला असायचा, तो रोज दाताळ्याने सपाट करायचा आणि सकाळी बघत जायचं, पाऊल उमटलंय का, खूर उमटलाय का. रात्रीच्या अंधारात बुरुजावरून काही दिसत नाही, पण वाळू सांगते किती जण आले, पायी की घोड्यावर आणि कुठल्या दिशेने. शिपाई पाळीपाळीने ही गस्त घालायचे आणि नोंद व्हायची, अमक्याने इतके दिवस गस्त घातली, माणसाचा किंवा घोड्याचा पट्टा ओलांडून आत आल्याचा वा बाहेर गेल्याचा माग नाही. हे 'बाहेर गेल्याचा' नीट ऐकून ठेवा, त्याच्याकडे परत येतोय.

शिपाई बहुतेक सक्तीच्या भरतीतले. चीनच्या आतल्या शेतीवाल्या मुलखातून, महिनोन् महिने चालत आलेले, वर्षभर पहारा करून घरी परतणार. त्यातले कित्येक जण अंगावरचे अंगरखे स्थानिक लोकांना उधारीवर विकायचे आणि मग ते पैसे वसूल करता करता नाकी नऊ यायचे, या उधाऱ्यांच्या नोंदीच्या नोंदी सापडल्यात. बुरुजाचा नाईक मात्र बहुतेकदा त्याच भागातला, पगार महिन्याला 600 नाणी, तोसुद्धा वेळेवर मिळेल याची खात्री नाही, कधी नाण्यांऐवजी कापडच हातात. मग अशा माणसाला त्या रखरखाटात कामाला कसं लावायचं? त्याची युक्ती भारी होती. उत्तर सरहद्दीवर गस्तीच्या कामावरच्या अधिकाऱ्याचे दोन दिवस नोकरीत तीन दिवस म्हणून धरायचे. आणि दर शरद ऋतूत नाईक आणि त्याच्या वरच्यांची तिरंदाजीची परीक्षा, बारा बाण, सहा लागले की पास, सहाच्या वर लागलेल्या प्रत्येक बाणामागे पंधरा दिवसांची सेवा जास्तीची खात्यावर. म्हणजे दहा बाण बसले तर बसल्या जागी दोन महिन्यांची सिनिऑरिटी. शरद ऋतूच का, तर उन्हाळाभर चरून श्योंगनूंची घोडी तेव्हाच तयार असायची, धाडींचा सीझन तोच.

पण खरं घोडं पेंड खातं ते रसदेपाशी. याचा हिशोब आपल्याला एका म्हाताऱ्या सेनापतीने करून ठेवलाय, झाओ चोंगग्वो त्याचं नाव, इ.स.पू. 61 मध्ये वयाची सत्तरी केव्हाच ओलांडलेली. याच कॉरिडॉरच्या दक्षिणेला छ्यांग टोळ्यांनी उठाव केला होता, दरबार म्हणत होता हल्ला कर, आणि हा सम्राटाला अर्जावर अर्ज पाठवून सांगत होता की घोडदळ परत बोलवा, माझ्याकडे 10,281 माणसं ठेवा, महिन्याला 27,363 हू धान्य आणि 308 हू मीठ लागेल. हू म्हणजे अंदाजे 20 लिटरचं माप. भागाकार करून बघा, माणशी महिन्याला 53 लिटरच्या आसपास धान्य, आणि मीठ साधारण 600 मिलिलिटर. मजा म्हणजे जुयानच्या लाकडी पट्ट्यांवर शिपायाच्या मिठाचा जो रेशन लिहिलाय तो अगदी हाच आहे, म्हणजे म्हाताऱ्याने आकडे हवेतून काढलेले नाहीत.

आता हे धान्य आणायचं कसं? त्या काळच्या बैलगाडीचा ठरलेला भार 25 हू. म्हणजे 27,363 हूंसाठी जवळपास 1,100 गाड्या, दर महिन्याला, आणि या फक्त दहा हजार माणसांसाठी. गाडीवान वाटेत खाणार, बैल खाणार, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत निघालेल्यातलं बरंचसं वाटेतच संपणार. हानच्या आधीच्या छिन घराण्याच्या काळाबद्दल तर एका दरबाऱ्याने लिहून ठेवलंय की किनाऱ्याकडून उत्तर सरहद्दीवर एक माप पोचवायला निघताना 192 मापं लागायची. यात तिखट-मीठ लावलेलं असणार, तो युद्धाच्या विरोधात बोलत होता, पण रोख कळतो.

झाओचं उत्तर होतं, माणसांनाच शेती करू दे. माणशी 20 मू जमीन, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वादोन एकरच्या आसपास, वसंतात पेरणी, सोबत पाट आणि पूल दुरुस्त करून घ्यायचे. दरबाराने आधी नाकं मुरडली, शेवटी मान्य केलं. जुयानलाही हेच चालू होतं, तिथे शेतकरी-शिपाई वेगळे, कालव्यावरचे शिपाई वेगळे, पहाऱ्याचे वेगळे. तिकडे यूमेन खिंडीजवळ सरकारी धान्याचं कोठार अजून पडक्या अवस्थेत उभं आहे, साधारण 130 मीटर लांब, हवा खेळती राहावी म्हणून भिंतींना झरोके ठेवलेले. पण शेतीलाही मर्यादा आहे, नदीला पाणी आलं तर पीक, आणि शेताच्या बांधावरचा माणूस त्या वेळी बुरुजावर नसतो. म्हणून गाड्या कमी झाल्या, बंद कधीच झाल्या नाहीत.

एवढा खर्च आहे तर भिंत सोडूनच का नाही दिली? तो चान्स आला होता. इ.स.पू. 33 मध्ये श्योंगनूंचा राजा हूहानये स्वतः हानच्या राजधानीत, चांगआनला आला, हान दरबाराचा जावई झाला आणि म्हणाला, सरहद्द आम्ही सांभाळतो, तुम्ही तुमची माणसं घरी पाठवा, लोकांना आराम द्या. दरबारातले बहुतेक जण खूश. होउ यिंग नावाचा एक अधिकारी, सरहद्दीचे व्यवहार जवळून माहीत असलेला, तो एकटा अडला आणि त्याने दहा कारणं मांडली. ऐकण्यासारखी गोष्ट ही की त्यातली कित्येक कारणं श्योंगनूंबद्दल नाहीतच. सरहद्दीवरच्या लोकांचे गुलाम हालाला कंटाळलेत आणि म्हणतात श्योंगनूंकडे बरं चाललंय, ते पळतील. जुन्या लढायांत जे शिपाई तिकडे अडकले आणि परत आलेच नाहीत, त्यांची गरीब पोरंबाळं त्यांच्याकडे जायला निघतील. चोर-दरोडेखोर पकडायची वेळ आली की उत्तरेला सटकतील. आणि सरहद्दीवरचे अधिकारी छ्यांग लोकांची गुरंढोरं, बायकापोरं लुबाडतात म्हणून तंटे होतात, पहारा उठला की ते वाढतील. म्हणून वाळूत बाहेर जाणारी पावलंसुद्धा मोजायची.

सम्राटाला पटलं. त्याने एका सेनापतीकरवी हूहानयेला तोंडी निरोप धाडला, मोठा गोड निरोप, की आमच्या चारी दिशांना नाकी आणि तटबंद्या आहेत, त्या काही फक्त बाहेरच्यांसाठी नाहीत, आमच्यातलेच बदमाश सुटून बाहेर जाऊन त्रास देऊ नयेत म्हणूनही आहेत, तुमच्यावर अजिबात संशय नाही. हूहानये म्हणाला, एवढा मोठा विचार आमच्या ध्यानात आला नव्हता, खास माणूस पाठवून समजावलंत, फार उपकार झाले. पहारा उठला नाही, आणि जुयानच्या पट्ट्यांवर त्यानंतरही गस्तीच्या, मिठाच्या आणि सैल पडलेल्या दोऱ्यांच्या नोंदी येतच राहिल्या.