दर कोर्सला नवं टेबल

तर मंडळी, नेटवर्किंग डिनर म्हटलं की आयोजक काय म्हणतो, "बसा हो कुठेही, आपलेच आहात सगळे". आणि मग होतं काय, की एकाच ऑफिसचे चौघं एका टेबलावर, कॉलेजचे मित्र दुसऱ्या टेबलावर, आणि एकटा आलेला माणूस फोन बघत बसलेला. आपल्या पंगतीत निदान ओळीत जी जागा मिळेल तिथे बसायचो, त्यामुळे शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसायचं.

मग मी एकदा सांगितलं, की स्टार्टर झाले की टेबलावरच्या अर्ध्या लोकांनी उठून पुढच्या टेबलावर जायचं. ऐकायला बरं वाटतं ना? पण जे तिघं एकत्र उठले ते पुढच्या टेबलावरही एकत्रच बसले, आणि मागे राहिलेलेही तेच ते. म्हणजे हलायला सगळ्यांना सांगायचं, पण प्रत्येकाने वेगवेगळं अंतर हलायचं, खरी गंमत तिथे आहे.

पद्धत अगदी सोपी आहे. प्रत्येक टेबलाच्या खुर्च्यांना ० पासून नंबर द्यायचे. ० वाला हलतच नाही, तो त्या टेबलाचा यजमान. १ वाला दर कोर्सला एक टेबल पुढे, २ वाला दोन, ३ वाला तीन, शेवटचं टेबल आलं की परत पहिल्यापासून मोजायचं. एका टेबलावरचे सगळे वेगवेगळ्या वेगाने निघाले, त्यामुळे पुन्हा भेटायचे कसे?

पण भेटतात! पुण्यात ४० जणांचं डिनर होतं, मी मस्तपैकी ८ टेबलं आणि प्रत्येकी ५ खुर्च्या लावल्या, हिशोब बरोबर बसला म्हणून खूश. मेन कोर्सपर्यंत काहीच गडबड नाही. डेझर्टला बघतो तर ४ नंबरचे सगळे आपापल्या पहिल्या टेबलावर परत आलेले, कारण चार आणि चार आठ, टेबलंही आठच. यजमान म्हणाला, "अहो तुम्ही तर मघाशीच होतात इथे". म्हणजे आठही टेबलांवर एकेक जुनी जोडी.

तेव्हापासून तीन कोर्स असतील तर मी टेबलांची संख्या विषम ठेवतो, आणि एका टेबलावरच्या खुर्च्या टेबलांपेक्षा जास्त होऊ देत नाही. बास, मग कोणी परत भेटत नाही. चौथा कोर्स असेल तर मात्र ९ टेबलं पुन्हा फसतात (तीन त्रिक नऊ), ५, ७, ११ असले आकडे बरे. आणि ३६ जण, ६ टेबलं, प्रत्येकी ६ खुर्च्या, चार कोर्स, हे तर कुठल्याच पद्धतीने जमत नाही. गणितज्ञ ऑयलरने १७८२ मध्ये ३६ सैनिकी अधिकाऱ्यांचं कोडं मांडलं होतं, त्याचंच हे भावंड. ते सुटत नाही हे टारी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १९०० च्या सुमारास सिद्ध केलं. त्यामुळे क्लायंट कितीही हट्ट करू दे.

मग त्याच ४० जणांसाठी पुढच्या वेळी ७ टेबलं लावली, प्रत्येकी ६ खुर्च्या. म्हणजे ४२ झाल्या, दोन जास्त. या दोन रिकाम्या जागा कुठे ठेवायच्या हे महत्त्वाचं आहे हां. एकाच नंबरच्या ठेवायच्या, मी दोन टेबलांवरची ५ नंबरची खुर्ची रिकामी ठेवली. एकाच नंबरचे लोक सारख्याच वेगाने फिरतात, म्हणून ते एकमेकांना कधीच गाठत नाहीत, आणि रिकाम्या जागाही गाठत नाहीत. टेबलावर कायम पाच किंवा सहा माणसं, चार कधीच नाही.

हीच युक्ती उलटी वापरायची. एका कंपनीचे चौघं आलेत, नवरा-बायको आलेत, यांना वेगवेगळ्या टेबलांवर पण एकाच नंबरच्या खुर्च्या द्यायच्या. अख्खं जेवण संपेपर्यंत ते एका टेबलावर येणार नाहीत. (एका बायकोने मला नंतर थँक यू म्हटलं, नवऱ्याने नाही.)

पाहुण्यांना यातलं गणित सांगायचं नाही, लोक घाबरतात. कार्डावर फक्त नाव आणि तीन टेबलांचे आकडे. ७ टेबलं असतील तर २ नंबर टेबलाच्या ३ नंबर खुर्चीचं कार्ड म्हणजे २, ५, १. घंटा वाजली की यजमान सोडून सगळ्यांनी एकदमच उठायचं, ग्लास हातात घेऊन. कोणी उशिरा आला तर नवीन खुर्ची टाकायची नाही, न आलेल्याचं कार्ड द्यायचं, खुर्ची वाढवली की सगळा हिशोब विस्कटतो. आणि व्हेज, नॉनव्हेज, जैन हे त्या कार्डाच्या रंगावरच दाखवा, कारण माणूस हलला तरी वेटर मात्र जुन्या खुर्चीसमोरच पनीर ठेवून जातो.